धागा: पर्याय आठवतात, प्रश्न आठवत नाही. एककांचा प्रश्न परत कसा बांधायचा?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. घरच्याच हॉलमध्ये, वीस-पंचवीस मुलं. गेल्या रविवारी मुलं दुसरीकडे एका सराव परीक्षेला बसली होती. पेपर संगणकावर, कच्च्या कामाचे कागदही शेवटी जमा करून घेतले, आणि स्क्रीनवर फक्त गुण दाखवले. प्रश्न परत बघायला मिळत नाहीत. मग मुलं बाहेर पडल्या पडल्या, चपला घालायच्या आधी, आठवेल ते मोबाईलवर टाईप करून मला पाठवतात. त्यावरून मी प्रश्न पुन्हा लिहितो आणि सोमवारी फळ्यावर घेतो.

बाकीचे प्रश्न जमतात. उतरणीवरचा ठोकळा म्हटलं की चित्र डोळ्यांसमोर येतं, राहिलेलं भरून काढता येतं. एककं आणि मितींच्या प्रश्नात गोष्टच नसते, नुसते आकडे. एक आकडा विसरला की प्रश्न गेला. या वेळी आलेला निरोप जसाच्या तसा देतो:

```
नवीन पद्धत. वस्तुमान 10 kg लांबी 50 m वेळ 1 min
मग ___ किती होईल
72 / 1.2 / 3600 / 3472 असं काहीतरी
```

कोणती राशी विचारली ते नाही. मूळ आकडा किती होता ते नाही. यातलं बरोबर उत्तर कोणतं तेही नाही. एवढ्यावरून मूळ प्रश्न उभा करता येईल का? मी दोन तास घातले आणि हात टेकले. इथे पेपर काढणारे, तपासणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतो.

एकेकाळचा_बॅकबेंचर

सर, आम्हाला तर पर्यायसुद्धा आठवायचे नाहीत. तुमचं पोरगं हुशार आहे.

शेंगाचटणी

72 म्हणजे ताशी 72 किलोमीटर असेल बघा. माझी मुलगी शिष्यवृत्तीची तयारी करतेय, त्यात कायम येतं. 5 नं गुणा, 18 नं भागा, सेकंदाला 20 मीटर. त्यांच्या पुस्तकात गाडीचा वेग नेहमी 36, 54, 72 नाहीतर 90 असतो, म्हणजे उत्तर पूर्ण येतं.

जुळेसोलापूरकर

@शेंगाचटणी, ताई, वेग असता तर वस्तुमानाचं एकक द्यायची गरज नव्हती, आणि इथे ते दिलंय. पण तुमच्या बोलण्यात एक खरं आहे. पेपर काढणारा आकडे असे निवडतो की उत्तर सरळ यावं. तोच धागा पकडता येईल का बघतो.

गड्ड्याचा_पाहुणा

सोपं आहे की. वेळ 1 मिनिट म्हणजे 60 सेकंद. 60 चा वर्ग 3600. पर्यायात 3600 आहे. म्हणजे राशीत वेळेचा वर्ग आहे आणि उत्तर 3600. बल किंवा ऊर्जा, दोन्हींत वेळेचा वर्ग असतो. बलाचं सूत्र लावून बघा, जमेल.

अकरावी_ब

सर, तो मेसेज माझाच आहे. 3600 मला पण बरोबर वाटलं होतं, तेच टिकमार्क केलं. गुण कापले गेले असं वाटतंय, कारण एकूण गुणांत एका प्रश्नाचे गुण कमी येतायत.

रेवती_द

मी मूळची सोलापूरचीच, बाळीवेशीतली. आता पुण्यात असते. अकरा वर्षं पर्यायी प्रश्न काढायचं काम केलंय, म्हणून आतली गोष्ट सांगते.

चुकीचे पर्याय आकाशातून पडत नाहीत. मुलं कुठे चुकणार ते आम्ही आधी ठरवतो, ती चूक स्वतः करून बघतो, आणि येणारा आकडा पर्यायात टाकतो. तसं नाही केलं तर चुकलेल्या मुलाला त्याचं उत्तर पर्यायात सापडतच नाही, आणि तो सावध होतो. म्हणून चार पर्यायांत एक बरोबर गणित असतं आणि तीन चुकलेली गणितं असतात, पण चारही त्याच प्रश्नाची. मूळ प्रश्न हरवला तरी त्याची चार उत्तरं तुमच्या हातात आहेत, सर.

आता पर्यायांना एकमेकांनी भागून बघा. 72 भागिले 1.2 बरोबर 60. 3600 भागिले 72 बरोबर 50. तुमच्या निरोपात मिनिट आहे म्हणजे 60 सेकंद, आणि लांबी 50 मीटर आहे. हा योगायोग नाही.

एका पर्यायात आणि 72 मध्ये फक्त एका मिनिटाचा फरक आहे. म्हणजे कुणीतरी वेळेची एक घात कमी घेतली. दुसऱ्यात आणि 72 मध्ये एका लांबीचा फरक आहे, तिथे लांबीची एक घात कमी घेतली. 3600 आणि 1.2 यांच्यात मात्र 3000 पट अंतर पडतं, म्हणजे 50 आणि 60 दोन्ही. दोघांच्याही शेजारी घर असलेला पर्याय एकच, तो 72. बरोबर उत्तर 72. 3600 हा मिनिटाचा वर्ग नाही, 72 गुणिले 50 आहे. तो आकडा दिसायला 60 च्या वर्गासारखा आहे, म्हणूनच त्यानं मुलं फसली.

गड्ड्याचा_पाहुणा

मान्य. पण मग उरलेलं 3472 काय? ते 72 च्या कुठल्याच पटीत बसत नाही. 48 पट आणि वर काहीतरी येतं.

रेवती_द

@गड्ड्याचा_पाहुणा, सगळ्यात कामाचा पर्याय तोच आहे. एककांच्या गणितात सगळ्यात जास्त मुलं जी चूक करतात ती म्हणजे उलटा भागाकार. जुनं भागिले नवं करायचं असतं, ती नवं भागिले जुनं करतात. म्हणून उलट्या भागाकाराचा पर्याय असतोच असतो.

समजा मूळ आकडा N. बरोबर रूपांतरात त्याला k नं गुणायचं. उलटं करणारा मुलगा k नं भागतो. मग बरोबर उत्तर आणि उलटं उत्तर यांचा गुणाकार केला की k उडून जातो आणि N चा वर्ग उरतो.

```
72 × 3472 = 249984 ≈ 250000 = 500²
```

मूळ आकडा 500. उलटं उत्तर नेमकं 3472.22 येतं, पेपरात ते 3472 छापलं असणार, म्हणून थोडी घट दिसते. आणि k म्हणजे 72 भागिले 500, म्हणजे 0.144.

एकेकाळचा_बॅकबेंचर

अरे देवा. प्रश्नाशिवाय उत्तर सापडलं आणि उत्तरावरून आकडा.

भीमाकाठ

मी निवृत्त शिक्षक, पंढरपूरकडचा. रेवतीताईंची पद्धत सुरेख आहे, पण तिला एक अट आहे. पेपर काढणारा त्यांच्यासारखा असला पाहिजे. मी असेही पेपर पाहिलेत की बरोबर उत्तर 72, आणि बाकीचे 7.2, 720, 7200. दशांशचिन्ह सरकवलं की झाले तीन पर्याय. तिथे पर्यायांना एकमेकांनी भागून फक्त दहाच्या घाती हाती लागतात, प्रश्नाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून आधी पर्यायांचे भागाकार दिलेल्या एककांशी जुळतात का ते बघा. इथे 60 आणि 50 जुळले म्हणून पुढे जायचं. नाहीतर तिथेच थांबायचं.

रेवती_द

अगदी बरोबर, काका. घाईत काढलेल्या पेपरात तसंच असतं.

जुळेसोलापूरकर

रेवतीताई, भीमाकाठ सर, मनापासून आभार. आता राशी कोणती ते मी शोधून बघतो, चुकलं तर सांगा.

0.144 मध्ये वस्तुमानाचे 10, लांबीचे 50 आणि वेळेचे 60 मिसळलेत. यांचे मूळ अवयव पाडले. 10 म्हणजे 2 गुणिले 5. 50 म्हणजे 2 गुणिले 5 चा वर्ग. 60 मध्ये मात्र एक 3 आहे, आणि तो 3 फक्त मिनिटातच आहे. म्हणजे उत्तरात जितके 3 दिसतील ते सगळे वेळेकडून आलेले. 0.144 म्हणजे 18 छेद 125. 18 मध्ये 3 दोनदा आहे. म्हणून वेळेची घात दोन.

तो 3600 बाहेर काढला. 0.144 भागिले 3600 म्हणजे 1 छेद 25000. आता 25000 हे फक्त 10 आणि 50 पासून बनवायचे. त्यात 2 तीनदा आणि 5 पाचदा. 10 एकदा आणि 50 दोनदा घेतलं की बरोबर तेवढेच होतात, दुसरी कुठलीही जोडणी बसत नाही. म्हणजे वस्तुमान एक, लांबी दोन, वेळ उणे दोन.

```
500 × (1/10) × (1/50)² × (60)² = 72
```

वेळेची घात उणे हे पर्यायांवरूनही दिसतं. मिनिटाची एक घात विसरली की उत्तर 72 वरून 1.2 ला घसरलं. याचा अर्थ मिनिट उत्तराला वाढवत होतं, म्हणजे राशीत वेळ खाली आहे. लांबीची घात विसरली तर उत्तर वाढलं, म्हणजे लांबी वर आहे.

ML²T⁻². प्रश्न ऊर्जेचा. 500 ज्यूल नव्या पद्धतीत किती? 72.

गड्ड्याचा_पाहुणा

झालं की मग. डायमेन्शन जुळलं म्हणजे प्रश्न मिळाला. धागा बंद करा, चहा मागवा.

भीमाकाठ

@गड्ड्याचा_पाहुणा, चहा घेऊ, पण धागा बंद नको. ML²T⁻² फक्त ऊर्जेची मिती नाही. बलाच्या आघूर्णाची, मुलं ज्याला टॉर्क म्हणतात, त्याचीही तीच. प्रश्न "500 ज्यूल" असेल किंवा "500 न्यूटन-मीटर". आकडे तेच, पर्याय तेच, उत्तर तेच. मितींचं विश्लेषण इथपर्यंत आणून सोडतं, पुढचं सांगू शकत नाही. अपरिमाण गुणकांचंही तसंच. गतिज ऊर्जेतला अर्धा किंवा लंबकाच्या सूत्रातले 2π हे मितीत कधीच दिसत नाहीत.

अकरावी_ब

सर, मला "ज्यूल" वाचल्याचं आठवत नाही. पण "न्यूटन-मीटर" वाचल्याचंही आठवत नाही. वर्गातल्या दोघांना विचारतो.

मागवाला

मी शीर्षक वाचून आलो, "धागा" आणि "एकक" बघून. आपला अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग आहे, टॉवेल आणि चादरी. माझा पोरगा टेक्सटाईल डिप्लोमाला आहे. त्याचाही असाच घोळ झालाय म्हणून सांगूलालो.

त्याच्या मित्रानं पेपर झाल्यावर टाईप करून पाठवलं:

```
20 नंबर सूत. टेक्स किती. उत्तर 59
```

आता आमच्या धंद्यात सुताचा नंबर म्हणजे काउंट. एका पौंडात 840 यार्डाच्या किती लड्या बसतात तो आकडा. टेक्स म्हणजे हजार मीटर सुताचं वजन किती ग्रॅम. 840 यार्ड म्हणजे 768 मीटर आणि एक पौंड म्हणजे 453.6 ग्रॅम. हिशोब केला की 590.5 ला काउंटनं भागायचं, टेक्स येतो. 20 नंबरचा टेक्स येतो 29.5. मित्र म्हणतो उत्तर 59. पोरगं दोन दिवस सूत्रच चुकलं म्हणून बसलंय.

मी एका नजरेत सांगितलं. 59 म्हणजे 29.5 च्या बरोबर दुप्पट. सूत दोन पदरी होतं, 2/20. दोन धागे पीळ देऊन एक केले की सूत जाड होतं, काउंट निम्मा म्हणजे 10 राहतो, टेक्स दुप्पट. मित्र "दोन पदरी" हे दोन शब्द टाईप करायचे विसरला.

रेवती_द

मागवाला दादा, हे तर तुम्ही माझंच काम केलंत. उत्तराचा आणि आपल्या गणिताचा भागाकार नेमका 2 आला, म्हणून हरवलेले शब्द सापडले. भागाकार 1.7 वगैरे आला असता तर काहीच सांगता आलं नसतं.

आणि तुमच्या काउंटमध्ये अजून एक गोष्ट आहे. टेक्स म्हणजे वजन भागिले लांबी. काउंट म्हणजे लांबी भागिले वजन. एक दुसऱ्याच्या उलटा. म्हणून इथे रूपांतर करताना नुसत्या गुणकानं गुणून चालत नाही, आकडा छेदात जातो. 590.5 हा गुणाकार आहे, काउंट गुणिले टेक्स. मुलं 20 ला 590.5 नं गुणतात आणि 11810 टेक्स काढतात. एवढं जाड सूत म्हणजे दोरखंड झाला.

मागवाला

दोरखंड कसला, किलोमीटरला बारा किलो वजन. त्यानं बैल बांधतील. 😄 पण खरं आहे ताई. नवीन कामगाराला पण हेच समजावून सांगावं लागतं, नंबर वाढला की सूत बारीक.

शेंगाचटणी

हे मला आज पहिल्यांदा कळलं. चादर घेताना नंबर मोठा म्हणजे जाड असंच वाटायचं.

जुळेसोलापूरकर

मागवाला, तुमचं उदाहरण मुलांना नक्की सांगणार. निम्म्या मुलांच्या घरी कुणी ना कुणी मागावर आहेच.

मी आता दुसरा घोळ पुढे ठेवतो, कारण तो याच निरोपांतला. मोबाईलवर टाईप करताना घातांक वर चढत नाहीत. उणे चिन्ह गळतं. गेल्या महिन्यात एका मुलीचा निरोप आला: "ऊर्जा E, वेग V, वेळ T मूलभूत धरले. उत्तर EV2T2." कशाची मिती विचारली ते नाही आणि उणे चिन्हं होती का तेही नाही. हे सुटतं का?

रेवती_द

सुटतं, कारण चारच शक्यता आहेत. V ची घात अधिक दोन किंवा उणे दोन, T ची तशीच. चारही करून बघायच्या.

दोन्ही अधिक घेतल्या तर वस्तुमान, लांबीची चौथी घात आणि वेळ उणे दोन असं काहीतरी येतं, अशी कुठली राशी अकरावीत नाही. V अधिक आणि T उणे घेतली तर लांबी चौथ्या घातीत आणि वेळ उणे सहा, तेही नाही. V उणे आणि T अधिक घेतली तर वस्तुमान गुणिले वेळेचा वर्ग, तेही नाही. दोन्ही उणे घेतल्या की E भागिले V चा वर्ग म्हणजे नुसतं वस्तुमान, आणि त्याला वेळेच्या वर्गानं भागलं की MT⁻². हा पृष्ठताण. म्हणजे उत्तर EV⁻²T⁻² होतं, आणि टाईप करताना दोन्ही उणे चिन्हं गळली.

भीमाकाठ

MT⁻² स्प्रिंगच्या बल स्थिरांकाचीही मिती आहे, हे लिहून ठेवतो. पण पुस्तकांत आणि पेपरांत हा प्रश्न पृष्ठताणावरच जास्त येतो, म्हणून मीही ताईंसारखाच पृष्ठताण धरेन.

टायपिंगबद्दल मात्र माझा वेगळाच अनुभव. ms-1 असं लिहिलं की मुलं मीटर प्रति सेकंद वाचतात. मधे जागा असेल तर ते बरोबर. जागा नसेल तर नियमानं तो मिलिसेकंदाचा व्यस्त होतो, म्हणजे सेकंदाला हजार. वेग राहिलाच नाही, वारंवारिता झाली. निरोपात जागा होती की नव्हती कुणाला आठवणार? तिथे बाकीच्या प्रश्नातूनच ओळखायचं.

आणि 10-3 हे दहाची उणे तिसरी घात आहे, का 103, का दहा वजा तीन? cm2 चं m2 करताना तर दर वर्षी गोंधळ. सेंटीमीटरचा वर्ग म्हणजे शंभराचा नव्हे, दहा हजारांचा भागाकार. कंसात (0.01 मीटर) लिहून अख्ख्या कंसाचा वर्ग करा म्हटलं तरी मुलं फक्त अक्षराचा वर्ग करतात.

गड्ड्याचा_पाहुणा

मग मुलांना निरोप कसा टाईप करायचा तेच शिकवा की सर. आठवणीवर डिटेक्टिव्हगिरी करण्यापेक्षा ते बरं.

जुळेसोलापूरकर

@गड्ड्याचा_पाहुणा, हे पटलं. आजच वर्गात सांगितलं. प्रश्नाची भाषा विसरलात तरी चालेल, पण चारही पर्याय आकड्यासकट आणि दशांशचिन्हासकट लिहा. घात असेल तर "घात उणे 3" असं शब्दात लिहा. आणि आपण काय टिकमार्क केलं ते लिहा. मुलाचं स्वतःचं चुकलेलं उत्तरही उपयोगी पडतं, ते मला आज कळलं. या प्रश्नात मुलानं 3600 निवडला म्हणजे त्यानं लांबीचा वर्ग केला नाही, तो बल समजून सोडवत होता. खरंच विचारलं तर तो म्हणाला, हो सर, मी न्यूटन धरलं होतं. बल असतं तर 500 न्यूटनला 3600 हेच उत्तर आलं असतं, आकडा बरोबरच होता, राशी चुकली.

अकरावी_ब

हो सर. पण एक शंका आहे. मी लांबी 50 लिहिली. ती 5 असती तर? मला 50 आणि 5 मध्ये नक्की आठवत नव्हतं.

रेवती_द

चांगली शंका. 5 असती तर 500 ज्यूलचे 7200 झाले असते, आणि 72 पर्यायात नसतं. शिवाय 3600 आणि 72 मधला भागाकार 50 आला, तो 5 आला नाही. चार पर्याय तुझ्या आठवणीवर शिक्का मारतात. एककाचा आकडा चुकला तर पर्यायांचे भागाकार त्याच्याशी जुळत नाहीत.

जुळले नाहीत तर मात्र गोंधळ करू नकोस. आधी पर्याय नीट आठवलेत का ते तपास, एककं नंतर.

भीमाकाठ

ही पद्धत कुठे अजिबात चालत नाही तेही सांगतो. तापमान. सेल्सिअसचं फॅरनहाइट करताना नुसतं गुणत नाहीत, 32 मिळवावे लागतात. तिथे बरोबर आणि उलट्या उत्तराचा गुणाकार करून काहीच मिळत नाही. सोलापुरात मे महिन्यात 42 अंश झालं की 107.6 फॅरनहाइट. उलटं सूत्र लावणारा मुलगा 42 मधून 32 वजा करून, 5 नं गुणून, 9 नं भागून साधारण 5.6 सांगतो. 107.6 गुणिले 5.6 चा आणि 42 च्या वर्गाचा काही संबंध नाही.

एकेकाळचा_बॅकबेंचर

मे महिन्यात 5.6 अंश. असं सोलापूर असतं तर मी दहावीला नापास झालो नसतो.

अकरावी_ब

सर, दोघांना विचारलं. एक म्हणतो प्रश्नात "कार्य" हा शब्द होता. दुसरा शपथ घेऊन सांगतो की नट खोलायच्या पान्याबद्दल काहीतरी होतं, म्हणजे टॉर्क. दोघांनीही उत्तर 72 दिलंय आणि दोघांनाही गुण मिळालेत.

जुळेसोलापूरकर

मग आपण कितीही गणित केलं तरी हे उलगडणार नाही. सोमवारी दोन्ही घेतो. एक प्रश्न असा लिहिला: एका नव्या एकक पद्धतीत वस्तुमानाचे एकक 10 किलोग्रॅम, लांबीचे 50 मीटर आणि वेळेचे 1 मिनिट आहे. 500 ज्यूल कार्याचे या पद्धतीतील मूल्य किती? दुसऱ्यात 500 न्यूटन-मीटर टॉर्क. पर्याय दोन्हींना तेच चार.

जाता जाता, काल रात्री दुसऱ्या मुलाचा निरोप आलाय. यात लांबीच नाही.

```
वस्तुमान 2 kg, लांबी आठवत नाही, वेळ 5 s
1000 / 200 / 250 / 0.4
```

मागवाला

1000 ला 200 नं भागलं की 5, ते वेळेचं. 1000 ला 250 नं भागलं की 4. म्हणजे लांबी 4 मीटर?

शेंगाचटणी

1000 गुणिले 0.4 म्हणजे 400, वीसचा वर्ग. मूळ आकडा 20 का?

रेवती_द

दोघांचंही पटतंय, आणि ताई, तुम्ही तर पटकन शिकलात. लांबी विसरल्यावर उत्तर कमी झालं, म्हणजे इथे लांबी खाली आहे. 20 वरून 1000 म्हणजे 50 पट. अर्धा गुणिले 4 गुणिले 25 बरोबर 50. दाब बसतो, 20 पास्कल.

पण 4 म्हणजे 2 चा वर्गही होतो, आणि वस्तुमानाचं एकक 2 किलो आहे. म्हणून लांबी 4 होती असं मी शंभर टक्के म्हणणार नाही. त्या मुलाला विचारा, सर, दाब होता का?

जुळेसोलापूरकर

मेसेज टाकलाय. क्रिकेट खेळायला गेलाय, संध्याकाळी कळवतो.